मॉनिटरचा शार्पनेस वाढवला की करड्या भागातल्या अक्षरांना पांढरी किनार का येते?

अनुलेखा

नमस्कार मंडळी. मी मुद्रितशोधनाचं काम करते, दिवसाचे सात-आठ तास पडद्यासमोर जातात. महिन्यापूर्वी नवा २७ इंची मॉनिटर घेतला, २५६० × १४४० चा. त्याच्या मेनूत शार्पनेस आधीपासून ६० वर होता. अक्षरं अजून ठसठशीत दिसावीत म्हणून मी तो ८० केला. पहिले दोन दिवस खूप बरं वाटलं, अगदी चष्म्याची काच पुसल्यासारखं.

मग लक्षात आलं की पांढऱ्या पानावर सगळं ठीक दिसतं, पण माझ्या सॉफ्टवेअरच्या डाव्या बाजूला फिकट करडी पट्टी आहे, तिच्यावरच्या काळपट अक्षरांभोवती बारीक पांढरी किनार दिसते. एकदा दिसली आणि आता नजर तिथेच जाते. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

स्क्रीनशॉट काढून सहकाऱ्याला पाठवला, तर तो म्हणतो, "कुठे आहे किनार? मला काहीच दिसत नाही." मी तोच स्क्रीनशॉट माझ्या पडद्यावर उघडला की मला ती दिसते! हा मॉनिटरचा दोष आहे, की माझ्या डोळ्यांचा?

काजवा

दोष कशातच नाही. शार्पनेस सरळ शून्यावर आणा. संगणकाकडून प्रत्येक पिक्सेलचा रंग आकड्यांत येतो आणि पडद्यावर तितकेच पिक्सेल असतात, मग आणखी धार कशाला काढायची? मी प्रत्येक मॉनिटरवर पहिलं काम हेच करतो.

अनुलेखा

काजवा, केलं शून्य. किनार गेली, पण आता अक्षरं धुक्यातून बघितल्यासारखी दिसतात. 'ष' च्या पोटातली तिरकी रेघ तर भरूनच गेली. हे ६० पेक्षाही वाईट आहे.

रेषाकार

काजवा यांचं कारण बरोबर आहे, पण "शून्य" हा आकडा सगळीकडे लागू पडत नाही. काही मॉनिटरवर शून्य म्हणजे "काही करू नका". काहींवर "काही करू नका" ही जागा मध्येच कुठेतरी असते आणि तिच्याखाली गेलात की मॉनिटर मुद्दाम चित्र पुसट करायला लागतो. तुमचा या दुसऱ्या प्रकारातला दिसतोय. ती जागा शोधायची कशी ते पुढे लिहितो. आधी किनार येते कुठून ते सांगतो, म्हणजे स्क्रीनशॉटचं कोडंही सुटेल.

शार्पनेस वाढवल्याने चित्रात नवा तपशील येत नाही. मॉनिटर प्रत्येक पिक्सेल त्याच्या शेजाऱ्यांशी ताडून बघतो आणि दोघांत जो फरक असेल तो फुगवतो. तुमचीच करडी पट्टी घेऊ. समजा पट्टीची छटा २०० आहे आणि अक्षराची ४० (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). आपल्या उदाहरणातला मॉनिटर शेजाऱ्यांच्या सरासरीशी जो फरक असेल त्याच्या निम्मा आणखी चढवतो असं धरू.

अक्षराला चिकटून असलेला पट्टीचा पिक्सेल बघा. त्याच्या एका बाजूला २००, दुसऱ्या बाजूला ४०, सरासरी १२०. तो स्वतः २००, म्हणजे सरासरीपेक्षा ८० ने उजळ. त्यातले निम्मे, ४०, त्याच्यात मिळवले की झाला २४०. आता अक्षराच्या कडेचा पिक्सेल. तो ४०, शेजाऱ्यांची सरासरी तीच १२०, म्हणजे ८० ने गडद. त्यातून ४० वजा, राहिले शून्य. कडेपासून दूर, जिथे शेजारी सारखेच आहेत तिथे काहीच बदलत नाही. म्हणून ओळ अशी होते:

```
आधी:   200 200 200  40  40  40
नंतर:  200 200 240   0  40  40
```

ती २४० ची उभी रेघ म्हणजे तुम्हाला दिसणारी किनार. आमच्या छपाईच्या धंद्यात आम्ही तिला प्रभावळ म्हणतो. तिच्या आतल्या बाजूला एक काळी रेघही असते, ती गडद अक्षरात लपून जाते. प्रत्येक मॉनिटरचं सूत्र वेगळं असतं, कुठे प्रभावळ एका पिक्सेलची, कुठे दोन-तीन पिक्सेलची, पण घडण हीच.

पांढऱ्या पानावर ती का दिसत नाही? तिथे पार्श्वभूमी आधीच २५५ वर आहे. गणित ३१९ म्हणालं तरी पडदा त्याहून पांढरा होऊच शकत नाही. प्रभावळीला वर जायला जागाच उरत नाही. पण त्यामुळे पांढऱ्या पानावर नुकसान होत नाही असं समजू नका. अक्षरांच्या वळणांवर संगणक जाणूनबुजून मधल्या करड्या छटा ठेवतो, म्हणजे वेलांटी, उकार गुळगुळीत दिसावेत. काळ्या आणि पांढऱ्याच्या मधला २०० चा पिक्सेल याच हिशोबाने २३६ होतो, ६० चा २६ होतो. म्हणजे मधल्या छटा दोन टोकांना ढकलल्या जातात आणि वळणाला पायऱ्या पडतात. तुम्हाला जे "ठसठशीत" वाटलं ते बहुधा हेच.

आणि स्क्रीनशॉट? तो संगणकाच्या आत तयार होतो. शार्पनेसचं काम त्यानंतर, केबलच्या पलीकडे, मॉनिटरच्या पोटात होतं. म्हणून तुमच्या चित्रात प्रभावळ नव्हतीच. तुम्ही ते स्वतःच्या पडद्यावर उघडलंत तेव्हा मॉनिटरने ती पुन्हा काढली. तुमच्या सहकाऱ्याच्या मॉनिटरने नाही काढली.

अनुलेखा

रेषाकार, खूप आभार. माझ्या डोळ्यांवरचा संशय फिटला. आता ती "काही करू नका" ची जागा कशी शोधायची?

धूमकेतू

माझाही हाच त्रास! पान खाली सरकवताना प्रत्येक अक्षरामागे पांढरट सावली ओढली जाते. शार्पनेस शून्य करून बघितला, तिसावर करून बघितला, काही फरक नाही. मॉनिटर बदलून घ्यावा का?

रेषाकार

धूमकेतू, पान सरकवणं थांबवलं की सावली जाते का? जात असेल तर तुमचा विषय वेगळा आहे. हलत्या चित्रात पिक्सेलने पटकन रंग बदलावा म्हणून मॉनिटर त्याला जरा जास्तीचा धक्का देतो, आणि धक्का फार झाला की पिक्सेल हव्या त्या रंगाच्या पलीकडे जाऊन परत येतो. मेनूत `Response Time` किंवा `Overdrive` नावाचं काहीतरी असेल, ते सर्वात वरच्या पायरीवरून एक पायरी खाली आणा. शार्पनेसची प्रभावळ चित्र स्थिर असतानाही जागेवरच असते. फरक ओळखायला एवढं पुरे.

धूमकेतू

थांबलं की जाते, हो. एक पायरी खाली आणलं, जवळजवळ गेलीच. धन्यवाद, उगाच मॉनिटर परत करायला निघालो होतो.

रेषाकार

अनुलेखा, आता चाचणी. त्यासाठी मधल्या करड्या रंगाची पार्श्वभूमी लागते, म्हणजे उजळ आणि गडद दोन्ही प्रभावळींना दिसायला जागा मिळते. काळ्या-पांढऱ्या चित्रावर बघाल तर फसाल, कारण वर सांगितलं तसं तिथे ती कापली जाते. कुठल्याही चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये हाताने काढा, किंवा पायथॉन आणि त्याची पिलो लायब्ररी असेल तर हे चालवा:

```python
from PIL import Image, ImageDraw
im = Image.new("RGB", (800, 600), (128, 128, 128))
d = ImageDraw.Draw(im)
d.rectangle((100, 100, 299, 299), fill=(80, 80, 80))
d.rectangle((450, 100, 649, 299), fill=(180, 180, 180))
for x in range(100, 650, 50):
    d.line((x, 400, x, 500), fill=(80, 80, 80))
im.save("kada.png")
```

करड्यावर एक गडद चौकोन, एक उजळ चौकोन, आणि खाली एकेक पिक्सेल जाडीच्या उभ्या रेघा. फाईल पीएनजीच ठेवा. जेपेग केलंत तर दाबताना कडेभोवती त्याचेच डाग पडतात आणि तुम्ही मॉनिटरला बोल लावाल.

चित्र शंभर टक्के आकारात बघायचं, "पडद्याला बसवा" नको. ब्राउझरमध्ये उघडू नका, कारण विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के असेल तर ब्राउझर चित्र तेवढंच ताणतो आणि एक पिक्सेलची रेघ तिथेच पसरते.

आता शार्पनेस अगदी वर न्या. चौकोनांभोवती प्रभावळ कशी दिसते ते एकदा नीट बघून घ्या, म्हणजे नजरेला ओळख होते. गडद चौकोनाच्या बाहेर उजळ रेघ, उजळ चौकोनाच्या बाहेर काळपट रेघ. मग एकेक पायरी खाली या. ज्या पायरीला चौकोनाबाहेरचा करडा रंग कडेपर्यंत एकसारखा झाला, तिथे थांबा आणि खालच्या रेघांकडे बघा. आणखी खाली गेल्यावर त्या रेघा फिकट होऊन जाड व्हायला लागल्या, की तुम्ही तटस्थ जागा ओलांडली. एक पायरी परत वर या.

शक्य असेल तर हातातलं काचेचं भिंग वापरा. संगणकातलं भिंग उपयोगाचं नाही, ते मॉनिटरच्या आधीच चित्र मोठं करतं. मोबाईलने फोटो काढूनही ठरवू नका. मोबाईल स्वतः फोटोला धार काढतो, त्यामुळे नसलेली प्रभावळही फोटोत दिसते.

मोरपीस

एक शंका. आपला डोळासुद्धा कडेजवळ असे उजळ-काळपट पट्टे तयार करतो ना? एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये ते मांडलं होतं, त्यांच्याच नावाने ते पट्टे ओळखले जातात. मग दिसलेली प्रत्येक किनार मॉनिटरची कशी म्हणायची? मला वाटतं निम्म्या लोकांना भासच होत असणार.

रेषाकार

मुद्दा चांगला आहे. माख पट्टे जास्त ठळक दिसतात ते छटा हळूहळू उतरत जाते तिथे, एकदम बदलणाऱ्या कडेवर कमी. तरी भास होऊ शकतो हे मान्य. तपासायला सोपं आहे: कागदाचा सरळ कापलेला तुकडा घ्या आणि पडद्यावर धरून गडद चौकोन अगदी कडेपर्यंत झाका. डोळ्याचा भास शेजारच्या गडद रंगामुळे होतो, तो झाकला की भास मावळतो. मॉनिटरने काढलेली उजळ रेघ मात्र कागदाच्या कडेला तशीच उभी राहते. कागदाचा रंगही साधारण पट्टीसारखा करडा असला तर उत्तम, पांढराशुभ्र कागद पुन्हा नवा भास देतो.

पिंपळपान

माझा अनुभव सांगतो. मी फोटो काढतो, छापूनही देतो. मागचं जवळजवळ वर्षभर माझे छापील फोटो मऊ येत होते. छापणाऱ्याशी दोनदा वाद झाला. पडद्यावर पापण्यांचे केस न् केस मोजता यायचे आणि कागदावर सगळं लोण्यासारखं. शेवटी दुसऱ्याच्या मॉनिटरवर माझी फाईल उघडली तेव्हा उमगलं. माझा मॉनिटर "फोटो" नावाच्या मोडवर होता आणि त्या मोडने शार्पनेस स्वतःच वाढवून ठेवला होता. पडद्यावर आधीच धार दिसत असल्यामुळे मी फाईलला पुरेशी धार देतच नव्हतो. ज्याच्याशी वाद घातला त्या माणसाची नंतर जाऊन माफी मागितली.

म्हणून सांगतो, नुसता आकडा बघू नका, मोड कुठला आहे तेही बघा.

जुनी_पेटी

हे वाचून एक सांगावंसं वाटलं. मी आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले. काचेच्या नळीच्या टीव्हीला शार्पनेसचं बटण उगाच दिलेलं नव्हतं. अँटेनावरून आलेला सिग्नल, त्यातले बारीक तपशील वाटेतच मंदावलेले. ते बटण सिग्नलमधला जलद बदलणारा भाग उचलून धरायचं, आणि खरंच चित्र सुधारायचं. प्रभावळ तेव्हाही यायची, पण पुसट चित्रापेक्षा ती परवडायची. तेव्हा "हे बटण निरुपयोगी" असं सरसकट म्हणू नये.

जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलवर मॉनिटर चालवणाऱ्यांनी तर नीट बघावं. केबल लांब किंवा हलकी असली की अक्षराच्या फक्त उजव्या अंगाला फिकट छाया पडते. ती सिग्नल केबलमध्ये उलटून परत आल्याची असते, शार्पनेस कमी करून जाणार नाही. शार्पनेसची किनार डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना असते, बहुतेकदा वर-खालीही.

काजवा

जुनी_पेटी, पटलं. माझं "सगळीकडे शून्य" मागे घेतो.

एक भर घालतो. शार्पनेस तटस्थ केला तरी प्रभावळ राहिली तर स्क्रीनशॉट काढून तो चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये आठ पट मोठा करा आणि कडेच्या पिक्सेलवर रंग उचलायचं साधन ठेवून आकडे वाचा. तिथेच २०० च्या जागी २४० दिसला, तर धार संगणकातच लागते आहे. माझ्याकडे ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये `Image Sharpening` चालू राहिलं होतं, एका गेमसाठी लावलं होतं आणि विसरलो. मॉनिटरचा मेनू कितीही फिरवला तरी ते जाणार नव्हतं.

अनुलेखा

चाचणी केली. सविस्तर लिहिते, कुणाला उपयोग होईल.

१०० वर गडद चौकोनाभोवती खडूने आखल्यासारखी रेघ, भिंगातून दोन पिक्सेल जाड. ८० वर, म्हणजे मी महिनाभर जिथे काम केलं तिथे, एक पिक्सेलची पण स्पष्ट. ६० वर साध्या डोळ्यांना जेमतेम दिसली, कागद धरून बघितलं तर होती. म्हणजे कारखान्यातूनच ती थोडी घालून आली होती. ५० वर भिंगातूनही काही नाही. ४० वर चौकोन तसेच, पण बारीक रेघा फिकट झाल्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे पिक्सेल काळवंडले. ३० वर रेघ म्हणजे नुसता डाग. म्हणून ५० ठेवला आहे.

आज पाच तास काम केलं. पहिला तासभर अक्षरं मऊ वाटली आणि हात पुन्हा मेनूकडे जात होता. मग सवय झाली. करड्या पट्टीवर किनार नाही. अनुस्वाराचे ठिपके आता गोल दिसतात, आधी ते चौकोनी कण वाटायचे आणि छोट्या अक्षरात ठिपका आहे की घाण, असा प्रश्न पडायचा.

मोरपीस

कागदाची युक्ती मीही केली. माझी किनार गेली नाही, त्यामुळे भास नव्हता. माझा शार्पनेस ७५ निघाला!

सांजवात

मला मात्र सगळ्यांशी पूर्ण सहमत होता येत नाही. माझ्या वडिलांची नजर अधू आहे, फिकट अक्षरं त्यांना पार्श्वभूमीत विरघळलेली दिसतात. शार्पनेस तटस्थच्या दोन पायऱ्या वर ठेवला की ते सलग वाचू शकतात, खाली आणला की तक्रार करतात. त्यांना किनार दिसतच नाही. मग त्यांच्यासाठी तो कमीच ठेवायचा का?

रेषाकार

सांजवात, त्यांना वाचता येतं हे महत्त्वाचं, ठेवा तसाच. पण आधी एक करून बघाल का? अक्षरांचा आकार वाढवा आणि मजकूर शुद्ध काळ्यात आणा, बऱ्याच पानांवर तो करडा असतो. त्यांना बहुधा अक्षर आणि पार्श्वभूमी यांतलं अंतर हवं आहे, आणि शार्पनेस ते फक्त कडेपुरतं वाढवून देतो. फरक नाही पडला तर माझा अंदाज चुकला असं समजेन.

सांजवात

आकार आधीच मोठा आहे. काळा मजकूर करून बघते. पण त्यांना कडच हवी आहे असं मला वाटतं, ते म्हणतात "अक्षर कुठे संपतं ते कळायला हवं".

अनुलेखा

अजून एक अडचण. याच मॉनिटरला मी एचडीएमआयने ऑफिसचा लॅपटॉप जोडते. तिकडे गेल्यावर बघितलं तर शार्पनेस पुन्हा ६०, म्हणजे प्रत्येक जोडणीचा आकडा वेगळा साठवला जातो. तोही ५० केला. किनार कमी झाली पण गेली नाही, आणि अक्षरं थोडी पुसटही आहेत. किनार आणि पुसटपणा एकदम कसे?

रेषाकार

लॅपटॉप कुठलं रिझोल्यूशन पाठवतो ते बघा. तो १९२० × १०८० पाठवत असेल तर मॉनिटरला प्रत्येक पिक्सेल सव्वा-दीड पटीच्या मध्ये कुठेतरी, नेमकं सांगायचं तर १.३३ पट ताणावा लागतो. एक पिक्सेल दीड-दोन पिक्सेलांवर सांडला की पुसटपणा येतो, आणि ताणण्याचं काही मॉनिटरांचं गणित स्वतःच कडेला थोडी प्रभावळ सोडतं. शार्पनेसने हे झाकलं जातं, दुरुस्त होत नाही.

अनुलेखा

होय, १९२० × १०८० च होतं. २५६० × १४४० केलं, चाचणीचं चित्र पुन्हा लावलं. ५० वर चौकोन स्वच्छ, रेघा बारीक. फक्त लाल रंगाने केलेल्या माझ्या दुरुस्त्या या जोडणीवर अजून विरजलेल्या दिसतात, काळी अक्षरं मात्र धारदार आहेत. शार्पनेस वर-खाली करून लालवर काहीच फरक पडत नाही.

काजवा

फक्त रंगीत अक्षरं बिघडत असतील तर लॅपटॉप रंगाची माहिती निम्मी करून पाठवत असेल. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगाचा प्रकार `RGB` किंवा `4:4:4` आहे का बघा. `4:2:2` किंवा `4:2:0` असेल तर तेच कारण.

अनुलेखा

`4:2:2` आहे. बदलायचा पर्याय दिसतो पण ऑफिसच्या लॅपटॉपवर मला परवानगी नाही. सोमवारी तिथल्या माणसाला विचारते आणि इथे लिहिते.